शंकाबाईचा पर्याय

आमच्या शाळेत विज्ञानाच्या एक बाई होत्या. मी तिथल्या प्रयोगशाळेत कामाला. परीक्षानळ्या धुणं, कुलपं लावणं आणि प्रोजेक्टर बंद पडला की त्याला थोपटून चालू करणं, ही माझी कामं. मुलं मला मामा म्हणतात. माझा स्वभाव तिरसट आहे असं माझी बायको सांगते, आणि सव्वीस वर्षं ती ते सांगतेय म्हणजे खरंच असणार. तर हे लिहिताना कुणाला टोचलं तर टोचू द्या. त्यात मीही आहेच.

बाई बोलायला फार कमी. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या सासवा, सुना, गुडघे बोलून झाले तरी यांचं आपलं हूं की चूं नाही. घरी थोरली बहीण आणि त्या, दोघीच. बहीण म्हणे बाईंच्या वाट्याचंही बोलून टाकायची. वर्गात शिकवतानासुद्धा बाईंचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा, पुढचं मुलांनी ओठांवरून समजून घ्यायचं. पण परीक्षेआधीच्या उजळणीचा खेळ आला की या बाई वेगळ्याच व्हायच्या. पूर्वी पुठ्ठ्यावर प्रश्न लिहून उत्तरावर कागदाची झडप चिकटवायच्या. प्रोजेक्टर आला तसा तो खेळ पडद्यावर गेला.

हा खेळ मी शंभर वेळा चालवलाय, म्हणून नीट सांगू शकतो. पहिल्या स्लाइडवर पाच उभ्या ओळी: उष्णता, पाणी, प्रकाश, वनस्पती, आकाश. प्रत्येक ओळीत दहा ते पन्नास गुणांचे पाच आकडे. गट म्हणतो, "पाणी, तीस." मी त्या तीसवर क्लिक करतो, की थेट तो प्रश्न उघडतो. खाली चार पर्याय. गटाने उत्तर दिलं की परत क्लिक. चुकीचे तीन एकामागून एक फिके होतात, बरोबर असतो तो हिरवा होतो आणि त्याच्याखाली एक ओळ उमटते, हे का बरोबर ते सांगणारी. मग कोपऱ्यातल्या घरावर क्लिक, की परत पहिली स्लाइड. खेळून झालेला आकडा तिथून गेलेला असतो, कारण बाईंनी एकदा पाहिलेल्या दुव्याचा रंग पाठीमागच्या रंगासारखाच ठेवला होता.

सुरुवातीला माझा हात भलतीकडे पडायचा आणि पुढचाच प्रश्न उघडायचा. सगळी पोरं ओरडायची. बाईंनी मग प्रत्येक स्लाइडवरची, क्लिक केल्यावर पुढे जाण्याची खूण काढून टाकली. तेव्हापासून मी पडद्यावर कुठेही क्लिक केलं तरी उत्तर तेवढं उघडायचं, स्लाइड पुढे सरकायची नाही. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. असं करणारी माणसं मला आवडतात.

पण बाईंची खरी करामत होती चुकीच्या पर्यायांत. बाकीचे मास्तर बरोबर उत्तर लिहितात आणि मग उरलेल्या तीन जागा काहीतरी कोंबून भरतात. मूल ते वाचतसुद्धा नाही. बाई म्हणायच्या, "मामा, चूक खरी हवी. मुलाला ती आपली वाटली पाहिजे, तरच ते थांबून विचार करील." म्हणून त्या मुलांच्या वह्यांमधल्या चुका एका वहीत उतरवून ठेवायच्या, मुलांच्याच शब्दांत. त्यांच्या मते पुस्तकी भाषेत लिहिली की चूक मरते.

आणि त्या वर्षी आठवीत चुकांची खाणच सापडली. एक मुलगी होती, आदल्या वर्षी नापास होऊन त्याच वर्गात बसलेली. आई नाही. मावशीकडे राहायची. मावशीचं शिवणकामाचं छोटं दुकान, चार मशिनं. मावशीने शाळेत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "यंदा पास झाली तर शिकेल. नाही झाली तर पाचवं मशीन घेते, तिच्यासाठी." वाईट बाई नव्हती ती. तिलाही तिचं पाहायचं होतं.

मुलगी प्रश्न फार विचारायची. वर्गाने नाव ठेवलं शंकाबाई. उत्तरंही अशी द्यायची की ऐकत राहावं. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब का येतात? म्हणे ग्लासाला घाम येतो, आतलं पाणी काचेतून हळूहळू झिरपतं. चंद्राचा उजेड? तो त्याचा स्वतःचाच, दिवसा तो विझवून ठेवतो. लोकरीत गुंडाळलेला बर्फ आणि उघडा बर्फ, आधी कुठला वितळेल? लोकरीतला, कारण लोकर त्याला ऊब देते. चुकीचं सगळं, पण त्या मुलीने विचार केलेला असायचा. पाठ करणाऱ्या पोरांना असं चुकायलासुद्धा जमत नाही.

बाईंनी ती वाक्यं जशीच्या तशी पर्यायांत घातली. नाव नव्हतं लिहिलं, अर्थात. बाईंच्या मनात एवढंच की हा पर्याय चांगला आहे. पण त्या मुलीने हे सगळं वर्गात मोठ्याने म्हटलेलं होतं आणि तेव्हा वर्ग हसलेला होता. त्यामुळे पडद्यावर "ग्लासाला घाम येतो" आलं तशी मागच्या बाकावरून खसखस पिकली. एकाने तिच्याकडे बोट केलं. मीही हसलो. आता कबूल करायला लाज वाटते, पण हसलो.

ती पण हसली. पहिल्यांदा.

पुढच्या खेळांत मुलांनी एक शोध लावला. पोरं अभ्यासात मठ्ठ असतील, पण पळवाट शोधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चारांतला एक पर्याय शंकाबाईसारखा बोलतो, आणि तो कायम चुकीचा असतो. मग प्रश्न वाचायचाच कशाला? आधी तिचा काढायचा, उरलेल्या तिनांत अंदाज ठोकायचा. गट कुजबुजायला लागले, "तिचा काढा, तिचा काढा." प्रोजेक्टर मुलांच्या मध्ये ठेवलेला, मी त्याच्या शेजारी, म्हणून मला ऐकू यायचं. बाई पुढे पडद्यापाशी उभ्या. त्यांना दिसायचं एवढंच की वर्गाचे गुण वाढताहेत. दर आठवड्याला वाढताहेत. मुख्याध्यापकांनी स्टाफ मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं. बाई लाजून टेबलाकडे बघत बसल्या.

मी मूग गिळून बसलो. का? कारण खेळ रंगायचा. कारण बाई खूश होत्या, आणि मला वाटलं, पोरांची थट्टा आहे, आज आहे उद्या नाही. प्रयोगशाळेतला म्हातारा बाईंना शिकवायला निघाला असं कुणी म्हणायला नको, हेही होतंच.

दिवाळखोरी उघडी पडली ती घटक चाचणीत. चाचणीचा पेपर दुसऱ्या शाळेकडून छापून आलेला. त्यात शंकाबाईची वाक्यं नव्हती. वर्ग सपाट झाला. गठ्ठा पुढ्यात घेऊन बाई प्रयोगशाळेत येऊन बसल्या. "मामा, ही मुलं खेळात सगळं सांगतात. मग इथे काय होतं?"

मी नळ्या पुसत होतो. पुसतच सांगून टाकलं. तिचा काढा, हे सगळं. बोटं दाखवणं, हसणं, डबा खाताना कुणी कसलाही अंदाज केला तरी "हा शंकाबाईचा पर्याय" म्हणणं. आणि अलीकडे ती मुलगी हातच वर करत नाही, हेही.

बाईंनी पुढ्यातला गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या खेळापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तिला बाजूला घेऊन बोला. सांगा की चूक तुमची झाली."

"बोलायला मला जमत नाही, मामा. तुम्हाला ठाऊक आहे. आणि बोलून काय होणार? मुलं माझ्या बोलण्यावर नाही, पडद्यावर विश्वास ठेवतात. पडद्यावरच तिला बरोबर ठरवते."

इथे मी त्यांना अडवायला हवं होतं. पण एकदा गप्प राहिलेल्या माणसाला पुन्हा गप्प राहणं सोपं जातं.

वार्षिक परीक्षेआधीच्या शेवटच्या खेळासाठी बाईंनी सगळ्या स्लाइडी नव्याने केल्या. तिची सगळी वाक्यं काढली. एक प्रश्न मात्र मुद्दाम तिच्यासाठी ठेवला: ओला कपडा वाळवताना पसरून का घालतात? यावर मुलीने वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहिलं होतं, "पसरला की पाण्याला पळून जायला जास्त जागा मिळते." बरोबर उत्तर. पृष्ठभाग वाढला की बाष्पीभवन वाढतं, तेच तिने आपल्या शब्दांत सांगितलेलं. शिवणाच्या घरात धुतलेलं कापड रोज डोळ्यांसमोर वाळताना पाहिलेलं. बाकीचे तीन पर्याय बाईंनी एकदम पुस्तकी थाटात लिहिले: कपड्याचं वस्तुमान कमी होतं, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, कपड्यातल्या हवेचा दाब वाढतो. तिन्ही चूक. पन्नास गुणांचा प्रश्न. आणि खेळात नियम केला की पन्नासच्या प्रश्नाला गटातल्या ठरलेल्या एकानेच उत्तर द्यायचं. पाण्याचा पन्नास तिच्या गटाला ठेवला आणि त्याला तिचं नाव लावलं.

बाईंनी मला आदल्या दिवशी ती स्लाइड दाखवली. तिचं वाक्य हिरवं होतं आणि खालची ओळ नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत उमटते: "अगदी बरोबर. पृष्ठभाग जास्त, बाष्पीभवन जास्त." बाईंचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं, असू दे, जमेल.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा पन्नास आला. ती उभी राहिली. मी क्लिक केलं. प्रश्न आला, चार पर्याय आले. चौथं तिचं वाक्य. वर्गाने ते ओळखलं, लगेच. चांगले दोन महिने त्यांचा सराव झालेला. खसखस पिकली. तिच्याच गटातली एक मुलगी तिचा फ्रॉक ओढत म्हणाली, "अगं तुझाच आहे, आधी तो काढ."

तिने पडद्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी अगदी जवळ होतो, तिने चौथा पर्याय मनातल्या मनात वाचला आणि मान हलवली, होकाराची. मग खाली बघून म्हणाली, "ब. उत्कलनबिंदू."

बाईंनी मला थांबायची खूण केली. त्यांनी तिला विचारलं, "नक्की? परत बघ बरं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असेल. पण मुलांना हे वाक्य पाठ असतं. बाई परत बघ म्हणाल्या की आपलं चुकलंय. ती आणखी गोंधळली. म्हणाली, "मग क."

आता काय करणार? पस्तीस पोरं वाट बघताहेत. मी क्लिक केलं. अ फिका झाला. ब फिका झाला. क फिका झाला. तिचं वाक्य हिरवं झालं आणि मोठ्या अक्षरांत आलं, अगदी बरोबर.

मग एकजण म्हणाला, "शंकाबाईला शंकाबाईचंच उत्तर आलं नाही," आणि जो हशा झाला तो मी अजून विसरलेलो नाही. बाई काहीतरी बोलत होत्या, हात वर करून, "हे तिचंच उत्तर आहे, तिने आधी लिहिलं होतं, तिचं बरोबर आहे," असं. कुणाला ऐकू गेलं नाही. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. मुलगी जागेवर बसली आणि खेळ संपेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिली.

परीक्षेला मात्र ती आली. एकही पेपर चुकवला नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी मनाची समजूत घातली की मुलं विसरतात.

विज्ञानाचे गठ्ठे बाईंकडेच तपासायला होते. मी त्यांना चहा घेऊन गेलो तर त्या एकच उत्तरपत्रिका पुढे घेऊन बसलेल्या, त्या मुलीची. "मामा, इकडे या," म्हणाल्या.

वीस प्रश्न पर्यायांचे होते. प्रत्येकापुढे चौकटीत एक अक्षर लिहायचं. तिने प्रत्येक चौकटीत एक अक्षर लिहिलं होतं, ते आडवी रेघ मारून खोडलं होतं आणि शेजारी दुसरं लिहिलं होतं. वीसच्या वीस. पेनाने, नीट, पट्टी लावून मारावी तशी रेघ. खोडलेलं अक्षर स्पष्ट वाचता येत होतं. बाईंनी ती खोडलेली अक्षरं कच्च्या कागदावर उतरवली होती. वीसमधली चौदा बरोबर. ठेवलेल्यांतली फक्त चार.

पुढे जिथे स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं तिथे खाडाखोड नव्हती. तिथे पर्यायच नव्हते. त्यात तिला ऐंशीपैकी पंचवीस पडले. चार आणि पंचवीस, एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. चौदा धरले असते तर एकोणचाळीस झाले असते. बाकीच्या विषयांत ती काठावर का होईना, निघाली होती.

मी म्हटलं, "बाई, लाल पेन तुमच्या हातात आहे."

त्या पत्रिका घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभा राहिलो. लपवत नाही, ऐकायलाच उभा राहिलो. बाईंनी सगळं सांगितलं, खेळाचं, वाक्यांचं, सगळं. एवढं सलग बोलताना त्यांना मी तेव्हाच ऐकलं. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. मग पत्रिकेचं पहिलं पान दाखवलं, त्यावर सूचना छापलेली: खोडलेले उत्तर तपासले जाणार नाही. "नापासांच्या पत्रिका दुसरे शिक्षक पुन्हा तपासतात, तुम्हाला माहीत आहे. हिचं धरलं तर पस्तीस जणांचं खोडलेलं धरावं लागेल. आणि बाई, खेळामुळे असं झालं हे मी कुठे लिहू?" माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त राग आला.

बाईंनी एकोणतीस लिहिले. सही केली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर चला. एकटीने जाऊन मी गप्पच बसेन." आम्ही दोघं मावशीच्या दुकानात गेलो. पाचवं मशीन आलं होतं. खिडकीजवळ. मुलगी त्यावर गणवेशाच्या कॉलरी शिवत होती. गणवेश आमच्याच शाळेचे. मावशीने स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मुलीला म्हणाली, "थांब जरा, बाई आल्यात."

बाईंनी पर्समधून तो कच्चा कागद काढला. मूळ पत्रिका देता येत नाही, म्हणून त्यांनी दोन रांगा उतरवून आणल्या होत्या, खोडलेली अक्षरं आणि ठेवलेली अक्षरं. मुलीपुढे धरला.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुझी वाक्यं मी तुला न विचारता घेतली. पोरं हसायची, ते मला दिसलं नाही. मला दिसायला हवं होतं."

मुलगी कागदाकडे पाहत होती.

"हे बघ. तू आधी जे लिहिलं होतंस, त्यातले चौदा बरोबर आहेत. चौदा, बाळा. तुला येत होतं सगळं."

मावशी मधेच म्हणाली, "येत होतं तर नापास कशी झाली?"

बाईंचे डोळे भरले होते. "मग खोडलंस का?"

मुलीने दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग हात मांडीवर ठेवून सरळ बसली, वर्गात नाव घेतल्यावर बसावं तशी.

"मला ते बरोबर वाटलं, बाई," ती म्हणाली, "म्हणून खोडलं."

आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तर बरोबर आलं की नाही ते कळायला.